कंपनीचे घटनापत्रक आणि नियमावली

घटनापत्रक (मेमोरँडम ऑफ असोसिएशन) आणि नियमावली (आर्टिकल्स ऑफ असोसिएशन) हे भारतीय कंपनी कायद्यानुसार स्थापन होणाऱ्या प्रत्येक कंपनीचे दोन मूलभूत दस्तऐवज होत. कंपनी कोणत्या कामासाठी अस्तित्वात आली आणि तिची शक्ती कोठपर्यंत पोहोचते, हे घटनापत्रक ठरवते. त्या मर्यादेच्या आत कारभार कसा चालवायचा, हे नियमावली ठरवते. नियमावली कंपनी व तिचे सभासद यांना परस्परांशी बांधते. घटनापत्रकातील उद्दिष्टांपलीकडे केलेले कृत्य अधिकारबाह्य म्हणजेच अल्ट्रा व्हायरिस ठरते आणि कायद्याच्या दृष्टीने ते निरर्थक असते. भारतात या विषयाचे नियमन सध्या कंपनी कायदा, २०१३ नुसार होते.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन शहरांत महानगरपालिका स्वतःच एका कंपनीची सभासद आहे. त्यामुळे हे नियम सार्वजनिक पैशाला कसे लागू होतात, हे तेथे स्पष्टपणे पाहता येते.

## दोन दस्तऐवजांतील फरक

कायद्याच्या कलम ४ नुसार घटनापत्रकात कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालय ज्या राज्यात आहे ते राज्य, उद्दिष्टे, सभासदांच्या दायित्वाचे स्वरूप आणि भांडवल यांचा उल्लेख असावा लागतो. समभागांनी मर्यादित कंपनीसाठी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 'तक्ता अ' हा नमुना दिलेला आहे. त्यातील तिसरे कलम उद्दिष्टांचे असून त्याचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात कंपनी ज्या कामांसाठी स्थापन होत आहे ती कामे येतात. ती पार पाडण्यासाठी आवश्यक असणाऱ्या बाबी दुसऱ्या भागात येतात. कर्ज घेणे, जागा भाड्याने घेणे, कर्मचारी नेमणे यांसारख्या बाबी दुसऱ्या भागातील असतात. त्या मुख्य कामाच्या साधनरूप असतात, स्वतंत्र व्यवसाय नसतात.

नियमावलीत समभागांचे हस्तांतरण, सभा, मतदान, संचालकांची नेमणूक व अधिकार, लाभांश आणि हिशेब यांचे नियम असतात. दोन्ही दस्तऐवजांत विसंगती आढळल्यास घटनापत्रक श्रेष्ठ मानले जाते. घटनापत्रक किंवा नियमावली यांपैकी कशातही कायद्याशी विसंगत तरतूद असली, तर कलम ६ नुसार कायदा श्रेष्ठ ठरतो. घटनापत्रकाने न दिलेली शक्ती नियमावली देऊ शकत नाही. उलट, घटनापत्रकाने दिलेली शक्ती कोणी आणि कोणत्या पद्धतीने वापरायची, यावर नियमावली बंधने घालू शकते.

गृहनिर्माण संस्था किंवा नागरी सहकारी बँक यांच्या उपविधींशी नियमावलीचे साम्य आहे. सहकारी संस्थेचे उपविधी हे कंपनीच्या नियमावलीसारखे असून संस्था आणि सभासद यांना बांधतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये को-ऑपरेटिव्ह सेंट्रल बँक प्रकरणात म्हटले होते. मात्र सहकारी संस्था सहकार कायद्याखाली येतात. त्यांना कंपनीप्रमाणे घटनापत्रक नसते.

## ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील कंपन्या

केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी मिशनच्या दुसऱ्या फेरीत, सप्टेंबर २०१६ मध्ये, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांची निवड झाली. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक शहराने प्रकल्प राबवण्यासाठी कंपनी कायद्याखाली एक मर्यादित कंपनी स्थापन करावयाची होती. त्यानुसार 'ठाणे स्मार्ट सिटी लिमिटेड' आणि 'स्मार्ट कल्याण डोंबिवली डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड' या कंपन्या अस्तित्वात आल्या. ठाणे पूर्वेतील स्थानक परिसर सुधारणा व खाडीकिनारा विकास, तसेच कल्याण स्थानक परिसर सुधारणा व काळा तलावाचा विकास ही या कार्यक्रमातील परिचित कामे आहेत.

मार्गदर्शक सूचनांनुसार अशा कंपनीत राज्य शासन आणि महानगरपालिका यांचा भागभांडवलातील वाटा ५०:५० असतो. संचालक मंडळावर केंद्र शासन, राज्य शासन आणि महानगरपालिका यांचे प्रतिनिधी असतात. दैनंदिन कारभार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे असतो.

येथे दोन भिन्न कायदेशीर व्यक्ती समोरासमोर येतात. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. त्यांना अधिकार मिळतात ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातून. त्यांना घटनापत्रक नाही. त्यांनी स्थापन केलेल्या कंपनीची शक्ती मात्र तिच्या उद्दिष्ट कलमातून येते. पाणीपुरवठा, शाळा किंवा रुग्णालय चालवणे महानगरपालिकेच्या कायदेशीर कर्तव्यांत बसते, म्हणून ते तिच्या कंपनीच्याही अधिकारात आपोआप येते असे नाही. त्यासाठी कंपनीचे घटनापत्रकच पाहावे लागते.

## नियमावलीचे बंधन

कलम १० नुसार, नोंदणी झाल्यावर घटनापत्रक व नियमावली कंपनीवर आणि सभासदांवर बंधनकारक होतात. कंपनीने व प्रत्येक सभासदाने त्यावर स्वतः सही करून सर्व तरतुदी पाळण्याचा करार केला आहे, असे कायदा गृहीत धरतो. नंतर समभाग विकत घेणाऱ्याने नियमावली वाचली नसली, तरी तो तिने बांधला जातो. नियमावलीनुसार सभासदाकडून येणे असलेली रक्कम हे त्याचे कंपनीला असलेले कर्ज मानले जाते.

या बंधनाच्या तीन बाजू इंग्लंडमधील जुन्या निवाड्यांतून स्पष्ट झाल्या आणि भारतीय न्यायालयांनीही त्याच दिशेने विचार केला आहे.

पहिली बाजू सभासदावरील बंधनाची. मेंढीपालकांच्या एका संघाच्या नियमावलीत सभासदांशी होणारे वाद लवादाकडे नेण्याची तरतूद होती. हिकमन नावाचा सभासद थेट न्यायालयात गेला. १९१५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा स्थगित केला, कारण सभासद या नात्याने तो लवादाच्या अटीने बांधलेला होता.

दुसरी बाजू कंपनीवरील बंधनाची. ओडेसा वॉटरवर्क्स या कंपनीच्या नियमावलीत लाभांश 'देण्याची' तरतूद होती. कंपनीने ठराव करून रोख रकमेऐवजी कर्जरोखे देण्याचे ठरवले. वुड या सभासदाच्या दाव्यावर १८८९ मध्ये न्यायालयाने तसे करण्यास मनाई केली. बहुमताचा साधा ठराव नियमावलीवर मात करू शकत नाही. आधी नियमावली रीतसर बदलावी लागते.

तिसरी बाजू मर्यादेची. एका विमा कंपनीच्या नियमावलीत ईली हा कंपनीचा कायमस्वरूपी कायदा सल्लागार राहील, असे लिहिलेले होते. पुढे ईली सभासदही झाला. कंपनीने त्याला काम देणे थांबवल्यावर त्याने नियमावलीच्या आधारे दावा केला. १८७६ मध्ये तो फेटाळला गेला. नियमावलीचा करार सभासद या नात्याच्या हक्कांपुरता असतो. सल्लागार, पुरवठादार किंवा कंत्राटदार या नात्याचा हक्क हवा असेल, तर त्यासाठी स्वतंत्र करार करावा लागतो.

ही मर्यादा शहर विकासाच्या कंपनीलाही लागू पडते. महानगरपालिका सभेची सूचना, मतदानाचा हक्क किंवा संचालक सुचवण्याचा नियमावलीतील अधिकार सभासद म्हणून मागू शकते. परंतु तीच महानगरपालिका कंपनीला जागा भाड्याने देत असेल, तर भाड्याची वसुली नियमावलीवर नव्हे, तर भाडेकरारावर अवलंबून राहते.

### नियमावलीबाहेरील समझोता

समान वाटा टिकवण्याचा समझोता नियमावलीत लिहिलेला नसेल तर काय होते, हे रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या खटल्यात दिसले. एका कौटुंबिक खासगी कंपनीचे ५० समभाग दोन भावांकडे प्रत्येकी २५ असे होते. दोन्ही शाखांचा वाटा कायम समान राहावा आणि समभाग विकायचे झाल्यास आधी आपल्याच शाखेला द्यावेत, असा समझोता कुटुंबात झाला होता. नियमावलीत मात्र तशी अट नव्हती. पुढे एका शाखेतील सभासदाने आपले समभाग दुसऱ्या शाखेला विकले. समभागांच्या हस्तांतरणावरील जे निर्बंध नियमावलीत नाहीत, ते कंपनीवर किंवा भागधारकांवर बंधनकारक नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला.

२०१३ च्या कायद्यातील कलम ५८ ने सार्वजनिक कंपनीच्या समभागांबाबत दोन व्यक्तींमधील असा करार त्यांच्यापुरता अंमलबजावणीयोग्य ठरवला आहे. तरीही प्रत्यक्ष कंपनीला बांधायचे असेल, तर अट नियमावलीत असणे हाच खात्रीचा मार्ग आहे. स्मार्ट सिटी कंपन्यांच्या ५०:५० वाट्यालाही हेच लागू होते. मार्गदर्शक सूचना निधी देण्याच्या अटी म्हणून महत्त्वाच्या असतात. पण कंपनी आणि सभासद यांच्यातील करार नियमावलीतून निर्माण होतो.

## उद्दिष्टांबाहेरील कृत्य

अधिकारबाह्यतेचा सिद्धान्त १८७५ मधील ॲशबरी रेल्वे कॅरेज विरुद्ध रिश या खटल्यात ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने निश्चित केला. रेल्वेचे डबे व वाघिणी तयार करणे, विकणे, भाड्याने देणे आणि यांत्रिक अभियंते व सर्वसाधारण कंत्राटदार म्हणून काम करणे ही कंपनीची उद्दिष्टे होती. तिने बेल्जियममध्ये रेल्वेमार्ग बांधण्यासाठी पैसा पुरवण्याचा करार केला. 'सर्वसाधारण कंत्राटदार' या शब्दांत हे काम बसते, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने ते शब्द आधीच्या 'यांत्रिक अभियंते' या शब्दांच्या संदर्भात वाचले, कारण एरवी त्या शब्दांत कोणतेही काम बसले असते आणि उद्दिष्टे लिहिण्याला अर्थच उरला नसता. सर्व भागधारकांनी एकमताने मान्यता दिली असती, तरी असा करार वैध झाला नसता, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

या सिद्धान्ताला एक आवश्यक सवलत आहे. उद्दिष्टांशी वाजवीपणे निगडित व पूरक असलेले कृत्य घटनापत्रकात शब्दशः लिहिलेले नसले, तरी अधिकारात येते. १८८० मधील ग्रेट ईस्टर्न रेल्वेच्या खटल्यात हे मान्य झाले. तलावाचे सुशोभीकरण हे उद्दिष्ट असलेल्या कंपनीने त्यासाठी सर्वेक्षक नेमणे किंवा पंप विकत घेणे अधिकारातच बसते.

### लक्ष्मणस्वामी मुदलियार खटला

भारतातील प्रमुख निर्णय लक्ष्मणस्वामी मुदलियार विरुद्ध आयुर्विमा महामंडळ हा असून तो १९६३ च्या निवाडासंग्रहांत प्रसिद्ध झाला. युनायटेड इंडिया लाइफ अ‍ॅश्युरन्स या विमा कंपनीच्या भागधारकांनी जुलै १९५५ मध्ये ठराव करून एका धर्मादाय न्यासाला दोन लाख रुपये देणगी देण्याचे ठरवले. तांत्रिक व व्यापारी ज्ञानाचा प्रसार करणे हे न्यासाचे एक उद्दिष्ट होते आणि त्यात विम्याच्या ज्ञानाचाही समावेश होता. देणगी दिली गेली. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन कंपनीचा व्यवसाय महामंडळाकडे गेला, तेव्हा महामंडळाने ही रक्कम परत मागितली.

न्यासाच्या विश्वस्तांचा पहिला आधार घटनापत्रकातील एका कलमाचा होता. त्यानुसार कंपनीला धर्मादाय किंवा सार्वजनिक उपयोगाच्या कामासाठी पैसे देता येत होते. न्यायालयाने म्हटले की हे कलम कंपनीचे स्वतंत्र उद्दिष्ट नाही. ते मुख्य उद्दिष्टांना पूरक असलेली शक्ती सांगते. म्हणून देणगीचा कंपनीच्या विमा व्यवसायाशी प्रत्यक्ष व नजीकचा संबंध असला पाहिजे. न्यासाचा पैसा इतर अनेक कामांवरही खर्च होऊ शकत असल्याने तसा संबंध येथे नव्हता.

दुसरा आधार असा होता की रक्कम भागधारकांच्या लाभांशासाठीच्या निधीतून दिलेली असल्याने ती भागधारकांचीच होती. हाही युक्तिवाद टिकला नाही. लाभांश जाहीर होईपर्यंत पैसा कंपनीचाच असतो. भागधारक कंपनीचे मालक म्हटले जात असले, तरी कंपनीची मालमत्ता त्यांची नसते. देणगी अधिकारबाह्य ठरली आणि रक्कम परत करण्याची जबाबदारी संबंधितांवर आली.

या खटल्यात कोणी पैसा स्वतःच्या खिशात घातल्याचा प्रश्न नव्हता. हेतू चांगला होता, भागधारकांची संमती होती आणि ठराव रीतसर झाला होता. तरीही कृत्य उद्दिष्टांत बसत नसल्यामुळे ते वाचले नाही.

## तीन प्रकारच्या मर्यादा

व्यवहारात 'अधिकार नव्हता' हे शब्द तीन वेगळ्या परिस्थितींत वापरले जातात आणि त्यांचे परिणाम भिन्न असतात.

कृत्य केवळ संचालकांच्या अधिकाराबाहेर, परंतु कंपनीच्या अधिकारात असेल, तर सभासद ठरावाने त्याला कार्योत्तर मान्यता देऊ शकतात. कृत्य नियमावलीबाहेर परंतु घटनापत्रकात बसणारे असेल, तर कलम १४ नुसार विशेष ठरावाने नियमावली बदलून त्यासाठी पुढे मार्ग काढता येतो. शिवाय कंपनीशी सद्भावनेने व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या व्यक्तीला अंतर्गत प्रक्रिया नीट पार पडली असेल असे गृहीत धरता येते. हा नियम टर्क्वांडच्या १८५६ मधील खटल्यापासून रूढ आहे.

कृत्य घटनापत्रकाबाहेर असेल, तर यांपैकी एकही उपाय चालत नाही. करार कंपनीविरुद्ध अंमलात आणता येत नाही आणि कंपनीलाही तो समोरच्या पक्षावर लादता येत नाही. घटनापत्रक हा सार्वजनिक दस्तऐवज असल्याने समोरच्या पक्षाला त्यातील मर्यादा माहीत आहेत, असे कायदा मानतो. असा खर्च घडवून आणणाऱ्या संचालकांना रक्कम स्वतः भरून द्यावी लागू शकते. संचालकांनी अधिकार नसलेल्या व्यवहारांत गुंतवलेला पैसा कंपनीला परत मिळवून देण्यासाठी भागधारक दावा करू शकतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने जहांगीर मोदी विरुद्ध शामजी लधा या खटल्यात १८६७ मध्येच, म्हणजे ॲशबरी निर्णयाच्या आठ वर्षे आधी, मान्य केले होते. आता कलम २४५ नुसार ठरावीक संख्येने सभासद एकत्र येऊन कंपनीला अधिकारबाह्य कृत्य करण्यापासून रोखण्यासाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात.

ब्रिटनने २००६ च्या कायद्याने हा सिद्धान्त बाहेरच्या व्यक्तींपुरता जवळजवळ संपुष्टात आणला आणि कंपनीची उद्दिष्टे सामान्यतः अमर्याद मानली. भारतात तो कायम आहे.

## उद्दिष्टे बदलणे

उद्दिष्टांबाहेरचे काम हाती घ्यायचे असेल, तर ते करण्याआधी उद्दिष्टे बदलावी लागतात. कलम १३ नुसार त्यासाठी विशेष ठराव लागतो, म्हणजे ठरावाच्या बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. ठराव कंपनी निबंधकाकडे दाखल होऊन बदलाची नोंदणी झाल्याखेरीज तो परिणामकारक होत नाही. आधी झालेले अधिकारबाह्य कृत्य नंतरच्या बदलाने वैध होत नाही.

५०:५० वाटा असलेल्या कंपनीत या गणिताला विशेष अर्थ आहे. समभागांच्या प्रमाणात मतदान झाले आणि दोन्ही सभासदांनी मत दिले, तर निम्म्या मतांच्या विरोधात निम्मी मते उभी राहतात. तिप्पट सोडाच, साधे बहुमतही एका बाजूला मिळत नाही. त्यामुळे राज्य शासनाला महानगरपालिकेच्या आणि महानगरपालिकेला राज्य शासनाच्या विरोधात कंपनीची उद्दिष्टे बदलता येत नाहीत. समान वाट्याने दोघांनाही रोखण्याची शक्ती मिळते, एकट्याने पुढे जाण्याची मिळत नाही.

स्मार्ट सिटी मिशनची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. मिशन संपले म्हणून त्यासाठी स्थापन झालेली कंपनी आपोआप विसर्जित होत नाही. कंपनीचे अस्तित्व नोंदणीतून येते आणि कायदेशीर विसर्जनापर्यंत टिकते. यापुढे अशी कंपनी काय करू शकते, याचे उत्तर तिच्या उद्दिष्ट कलमाच्या शब्दांत असते. उद्दिष्टे त्या शहराच्या मिशनमधील प्रकल्पांपुरती मर्यादित असतील, तर उरलेली कामे पूर्ण करणे व झालेल्या कामांची देखभाल यांना आधार मिळू शकतो. दुसऱ्या शहराला सल्लासेवा विकण्यासाठी मात्र आधी कलम १३ ची प्रक्रिया पूर्ण करावी लागेल. उद्दिष्टे शहर विकासाच्या व्यापक शब्दांत लिहिलेली असतील, तर तेवढ्याच कामासाठी बदलाची गरज उरणार नाही.

## दस्तऐवज पाहणे

सभासदाने मागणी करून शुल्क भरल्यास कंपनीने कलम १७ नुसार सात दिवसांत घटनापत्रक व नियमावलीची प्रत द्यावी लागते. सभासद नसलेल्या व्यक्तीला, उदाहरणार्थ शहरातील करदात्याला, कलम ३९९ नुसार निबंधकाकडील नोंदी शुल्क भरून पाहता येतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या उपलब्ध असतात. ऑनलाइन नोंदणी झालेल्या कंपन्यांचे घटनापत्रक बहुधा INC-33 आणि नियमावली INC-34 या अर्जनमुन्यांत असते. नंतरचे विशेष ठराव MGT-14 या अर्जनमुन्यात दाखल होतात. केवळ स्थापनेच्या वेळचा दस्तऐवज वाचल्यास मधल्या काळातील बदल नजरेतून सुटू शकतात.

एखादा खर्च अधिकारात बसतो का, हे तपासताना प्रथम उद्दिष्ट कलमाच्या पहिल्या भागातील काम शोधले जाते. खर्चाला आधार फक्त दुसऱ्या भागात सापडत असेल, तर तो पहिल्या भागातील कोणत्या कामासाठी झाला, हे दाखवता आले पाहिजे. ते दाखवता येत नसेल, तर मुदलियार खटल्यातील देणगीसारखीच परिस्थिती उद्भवते. त्यानंतरच निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला नियमावलीने तो अधिकार दिला होता का, हा प्रश्न येतो. क्रम उलटा केल्यास रीतसर मंजूर झालेला ठराव पाहून कृत्य वैध वाटू लागते, तर प्रत्यक्षात ते कृत्य करण्याची शक्ती कंपनीकडेच नसते.